तलाव पाळीमागेच राहू द्या: ड्रोनच्या शॉट्सची गती, उलगडा आणि वाऱ्याचा आवाज

प्रश्न: भाऊ, आमच्या गावच्या मामा तलावावर चार-पाच मिनिटांची फिल्म करून राहिलो. भंडारा जिल्ह्यातलं धानाचं गाव आहे. ड्रोनचे क्लिप भरपूर आहेत, पण एकामागं एक लावले की कुठं पळतात, कुठं रेंगाळतात. पाळीवरून तलाव दिसतो तो शॉट मुद्दाम शेवटी ठेवला, तरी पाहणाऱ्याला काहीच वाटत नाही. आणि आबाजींचं बोलणं पाळीवर मोबाइलवर रेकॉर्ड केलं, त्यात वाऱ्याचा घोंघाट आहे. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरतो. काय करू?

उत्तर:

तलाव दिसूनही काही वाटत नाही, याचं कारण बहुतेक वेळा त्या शॉटच्या आधी सापडतं. तुमची टाइमलाइन सुरुवातीपासून पाहा आणि पाणी पहिल्यांदा कोणत्या सेकंदाला दिसतं ते लिहून ठेवा. गावच्या फिल्मची सुरुवात हमखास उंचावरच्या शॉटने होते: शंभर मीटरवरून अख्खं गाव, शेतं आणि कोपऱ्यात चकाकणारा तलाव. तो शॉट देखणा असतो, म्हणून पहिला लागतो. पण त्याने तलाव दाखवून टाकलेला असतो. पुढे पाळीवरून कितीही सुंदर उगवला, तरी पाहणाऱ्याला ती ओळखीची जागा असते.

मामा तलावाची, म्हणजे माजी मालगुजारी तलावाची, रचनाच उलगड्याला, म्हणजे लपलेलं दृश्य हळूहळू समोर आणायला, सोयीची आहे. जमिनीच्या उताराला आडवी पाळ घालून पाणी अडवलेलं असतं आणि धानाच्या बांध्या पाळीच्या खालच्या अंगाला असतात. बांधीत उभं राहिलं की पाळ भिंतीसारखी दिसते आणि पाणी नजरेच्या वर, तिच्या पलीकडे असतं. म्हणजे गावाकडून पाळीपर्यंत जे काही दाखवाल, त्यात तलाव नैसर्गिकपणेच लपलेला राहतो. तुम्ही फक्त तो लपू द्यायचा.

तेव्हा पहिलं काम छाटणीचं. ज्या क्लिपमध्ये तलावाचं पाणी कणभरही दिसतं ती उलगड्याच्या नंतर टाका किंवा काढून टाका. उंचावरचा तो देखणा शॉट उलगड्यानंतर लगेच लावला तर तिथे तो जास्त बोलतो. पाळीवरून पाणी दिसलं, आता ते केवढं आहे हे तो सांगतो. उलगड्याआधी पाण्याच्या खुणा मात्र जरूर दाखवा. पाटातून वाहणारं पाणी, ओली बांधी, खांद्यावर जाळं घेऊन चाललेला ढीवर, यातलं काही. त्याने प्रश्न तयार होतो आणि तलाव त्याचं उत्तर म्हणून येतो.

आता गतीचं. क्लिप पळतात किंवा रेंगाळतात, ते ड्रोन जोरात किंवा हळू उडवल्यामुळेच असं नाही. डोळ्याला जाणवणारा वेग ड्रोनच्या वेगावर आणि जमिनीपासूनच्या अंतरावर मिळून ठरतो. सेकंदाला 3 मीटरच्याच वेगाने ड्रोन 8 मीटर उंचीवर उडाला तर खालचा धान सरसर पळताना दिसतो, 60 मीटरवर गेला तर जमीन हललीच नाही असं वाटतं. तुम्ही बहुधा सगळे शॉट एकाच वेगाने घेतलेत आणि उंची बदलत गेली. म्हणून ते एकमेकांशी जुळत नाहीत.

हे मोजायला सोपं आहे. क्लिप थांबवा आणि चित्राच्या बरोबर मध्यावर दिसणारी एखादी खूण धरा, बांधीचा कोपरा किंवा एखादं झाड. क्लिप चालवा आणि ती खूण चित्राच्या खालच्या काठाबाहेर जायला किती सेकंद लागतात ते बघा. पुढे जाणाऱ्या प्रत्येक शॉटचं हे एक मोजमाप घेऊन क्लिपच्या नावापुढे लिहा. बाजूला सरकणाऱ्या शॉटला मध्यापासून डाव्या किंवा उजव्या काठापर्यंत मोजायचं. कॅमेऱ्याचा कोन वेगवेगळा असला तरी चालेल, कारण आपल्याला डोळ्याला दिसणाराच वेग हवा आहे.

अशाच एका तलावाच्या कामात माझ्याकडे आलेल्या क्लिपचं उदाहरण देतो. बांध्यांवरून खालून उडालेल्या शॉटमध्ये खूण 4 सेकंदांत बाहेर जात होती, गावच्या कौलारू घरांवरून उडालेल्या शॉटमध्ये 9 आणि बऱ्याच उंचीवरच्या शॉटमध्ये 14 सेकंदांत. हे तिन्ही लागोपाठ लावले की नेमकं तुम्ही म्हणता तसं होतं. ते एकमेकांच्या जवळ आणायचे तर पहिला हळू आणि तिसरा जलद करायला हवा.

इथे एक गोष्ट सांभाळायची असते. टाइमलाइन सेकंदाला 25 फ्रेमची असेल आणि क्लिप 50 फ्रेमने घेतलेली असेल, तर 100 टक्के वेगावर सॉफ्टवेअर दर दुसरी फ्रेम उचलतं. 50 टक्क्यांवर प्रत्येक फ्रेम, 150 टक्क्यांवर दर तिसरी आणि 200 टक्क्यांवर दर चौथी. हे चारही आकडे गुळगुळीत चालतात, कारण फ्रेम समान अंतराने उचलल्या जातात. मधला आकडा घेतला, समजा 70 टक्के, की कधी एक फ्रेम पुढे, कधी दोन असं होतं आणि सरळ उडणारा ड्रोन बारीक ठेचा खात गेल्यासारखा दिसतो. जमीन सावकाश सरकत असते तेव्हा हा दोष फार उठून दिसतो. तुमची क्लिपच 25 फ्रेमची असेल तर ती हळू करण्याच्या फंदात पडू नका, 100 आणि 200 हेच स्वच्छ आकडे आहेत. नव्या फ्रेम बनवून देणारा `Optical Flow` हा पर्याय रिझॉल्व्हमध्ये आहे, पण उभा धान, गवत आणि झाडांच्या फांद्या यांच्या कडा तो वितळवतो. मोकळ्या माळावर तो निभावतो, धानावर नाही.

म्हणून त्या कामात पहिला शॉट 50 टक्क्यांवर ठेवला, तेव्हा त्याची खूण 8 सेकंदांत बाहेर जाऊ लागली. दुसरा 100 वर तसाच राहिला, 9 सेकंद. तिसरा 150 वर, म्हणजे साधारण सव्वानऊ. तिन्ही अगदी सारखे झाले नाहीत, आणि तशी गरजही नसते. एवढा फरक डोळा पोटात घालतो. वेग बदलायला क्लिपवर राइट क्लिक करून `Change Clip Speed` उघडा आणि आकडा थेट टाका. हाताने ओढून अंदाजाने लांबवू नका, मग मधलेच आकडे येतात.

अर्ध्या वेगावर टाकलेल्या क्लिपमध्ये माणसं, बैल आणि बगळे काय करतात ते मात्र बघून घ्या. जमीन हळू सरकलेली चालते, पण अर्ध्या वेगाने पंख हलवणारा बगळा पाहिला की चित्र हळू केल्याचं लगेच कळतं. अशा क्लिपचा तेवढा तुकडा वगळा. दुपारच्या उन्हात उजेड कमी करणारा एनडी फिल्टर न लावता शॉट घेतला असेल तर शटर फार जलद राहिलेलं असतं आणि खालून उडणाऱ्या शॉटमध्ये धानाचे ठिपके टकटक उड्या मारतात. ते एडिटिंगमध्ये नीट दुरुस्त होत नाही. त्यापेक्षा उंचावरचा शॉट निवडा, तिथे तो दोष दिसत नाही.

वेग जुळल्यावर तुकड्यांची टोकं. ड्रोन निघताना आणि थांबताना एक-दोन सेकंद वेग बदलत असतो. ती दोन्ही टोकं कापा, म्हणजे शॉट चालता सुरू होईल आणि चालताच संपेल. थांबणारा शॉट संपून पुढचा नव्याने निघाला की प्रत्येक जोडावर प्रवास मोडतो, आणि रेंगाळल्याची जी भावना तुम्ही म्हणता तिचा मोठा भाग इथूनच येतो. दिशाही बघा. पुढे जाणाऱ्या शॉटनंतर मागे येणारा शॉट लावला की पहिल्याने मिळवलेली चाल दुसरा खाऊन टाकतो. गावापासून पाळीपर्यंत सगळे शॉट पुढेच जाऊ द्या. फार तर पाळीच्या आधीचा एक शॉट आडवा सरकू दे, त्याने पाळीची लांबी कळते.

त्या फिल्ममध्ये शेवटी ठरलेली मांडणी अशी होती: बांध्यांवरून 6 सेकंद, घरांवरून 7, पाट सरळ वरून 7, धानाचे पुंजणे आणि मळणी 6, झाडं ओळीने उभी असलेली पाळ आडवी 6, मग उलगडा 16 आणि त्यानंतर उंचावरून पूर्ण तलाव 8. उलगड्याचा शॉट आधीच्या प्रत्येक शॉटच्या दुपटीहून मोठा आहे. आधीची चाल एकसारखी असेल तरच ही लांबी पेलते. आधीचेच शॉट कधी 3 सेकंद, कधी 12 असे असतील तर 16 सेकंद नुसतेच लांबलेले वाटतात.

आता त्या 16 सेकंदांच्या आत बघू. उलगड्याचे तीन भाग धरा. पहिल्यात चित्र पाळीने भरलेलं असतं आणि पाणी अजिबात नाही. याला 3 ते 4 सेकंद द्या. कमी दिले तर आड काय होतं हे समजायच्या आत पाणी दिसतं, जास्त दिले तर ड्रोन अडकला की काय असं वाटतं. दुसरा भाग पाण्याची पहिली रेघ दिसण्यापासून पलीकडचा काठ चित्रात येईपर्यंत, साधारण 6 सेकंद. तिसऱ्यात नवं काही उलगडत नाही, फक्त तलाव असतो. तोही 5-6 सेकंद राहू द्या. बरेचजण पलीकडचा काठ दिसताक्षणी कापतात, आणि पाहणाऱ्याची नजर पाण्यावर फिरायच्या आत शॉट निघून जातो. आधीच्या शॉटच्या मानाने इथे चाल किंचित हळू असेल तर चांगलंच, पण शॉटच्या मध्येच वेग बदलू नका. त्यात पुन्हा ते मधले आकडे येतात आणि नेमक्या महत्त्वाच्या जागी ठेचा दिसतात.

उलगड्यात हमखास बिघडणारी गोष्ट उजेडाची आहे. पाळीची माती आणि झाडांची सावली काळसर, पलीकडचं पाणी आणि आभाळ लख्ख. कॅमेरा ऑटोवर असेल तर पाणी चित्रात येताच तो उजेड कमी करतो आणि तलाव उगवण्याच्या क्षणी अख्खं चित्र काळवंडतं. उत्सुकता तिथेच विझते. तुमच्या क्लिपमध्ये हे असेल तर `Color` पानावर जा. खाली कीफ्रेमच्या पट्टीत, चित्र काळवंडायला लागतं त्या फ्रेमवर एक डायनॅमिक कीफ्रेम ठेवा आणि पूर्ण काळवंडतं तिथे दुसरी. दुसऱ्या कीफ्रेमवर उजेड वाढवून पाळीवरच्या झाडांचा रंग आधीसारखा करा. मधला बदल सॉफ्टवेअर स्वतः भरतं. मोजपट्टी म्हणून दोन्ही ठिकाणी दिसणारं एकच झाड धरा, पाणी नको, कारण पाणी मुळातच उजळ असतं. कॅमेऱ्याने उजेड एका दमात न बदलता पायऱ्यापायऱ्यांनी बदलला असेल तर मध्ये आणखी एक-दोन कीफ्रेम लागतील. पाण्याची चकाकी पूर्ण पांढरी झाली असेल तर ती परत येत नाही, तेवढं सोडून द्या.

तुमच्याकडे पाळीवरून पुढे जाणारा चांगला शॉट नसेल, पण तलावावरून मागे येत पाळ ओलांडून खाली उतरणारा असेल, तर तो उलटा चालवून बघा. `Change Clip Speed` मध्येच `Reverse Speed` ची खूण आहे. असा उलटा शॉट पुष्कळदा सरळपेक्षा बरा निघतो, कारण तलावाची चौकट आधी नीट लावून मग ड्रोन मागे घेतलेला असतो. फक्त चित्रातल्या हलत्या गोष्टी तपासा. उलट्या क्लिपमध्ये धूर चुलीत शिरतो, बैलं मागे चालतात, पक्षी शेपटीकडून उडतात. दूरच्या पाण्यावरच्या लहरी उलट्या चाललेल्या कुणाला कळत नाहीत. बाकी यातलं काहीही दिसलं तर तो शॉट घेऊ नका.

वाऱ्याने चित्र हललं असेल तर `Inspector` मधलं `Stabilization` वापरा. ते चित्राच्या कडा कापतं, पण क्लिप 4के आणि टाइमलाइन 1080 ची असेल तर कापायला भरपूर जागा असते आणि स्पष्टता जात नाही. चित्र लाटेसारखं थरथरत असेल, झाडाचे बुंधे वाकडे-सरळ होत असतील, तर तो दोष प्रत्येक फ्रेमच्या आतच आहे. स्थिर केल्याने तो आणखी विचित्र दिसतो. ती क्लिप सोडा.

आता आबाजींचा आवाज. तुमच्या ड्रोनच्या क्लिपमध्ये बहुधा आवाज नसेल आणि त्याची गरजही नाही, पंख्यांच्या घरघरीशिवाय त्यात काही आलं नसतं. फिल्मचा सगळा आवाज जमिनीवरून येणार, म्हणून तो नीट ऐकून घ्या. ऐकायला हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, त्यामुळे तिथे स्वच्छ वाटलेलं बोलणं मोठ्या स्पीकरवर धडधडतं.

वाऱ्याचा म्हणून जो आवाज येतो तो बहुतांशी माइकवरच आपटणाऱ्या हवेचा असतो. त्यात दोन प्रकार असतात. एक सततची घरघर, दुसरे झोताचे धक्के. दोन्हींचा जोर खालच्या सुरांत, साधारण 200 हर्ट्झच्या खाली असतो, पण त्यांचा उपाय एक नाही. आधी पडद्यावर दिसणारी आवाजाची लहर मोठी करून बघा. धक्क्याच्या जागी लहरीची टोकं सपाट कापल्यासारखी दिसत असतील तर तिथला आवाज रेकॉर्ड होतानाच फाटलेला आहे. ती वाक्यं वाचणार नाहीत. आबाजींकडून तेवढंच पुन्हा बोलवून घ्या.

बाकीच्यासाठी फुकट मिळणारं ऑडॅसिटी वापरा, त्यात काय कापलं जातं ते ऐकता येतं. मूळ फाइल जपून ठेवा, नकलेवर काम करा. आधी `High-Pass Filter` लावा: `Frequency` 90, `Roll-off` 24. पुरुषाच्या बोलण्याचा पायाच साधारण 85 ते 180 हर्ट्झमध्ये असतो, म्हणून 90 पासून सुरुवात करायची. आवाज पोकळ वाटला तर 80 वर या, घरघर उरली तर 110 पर्यंत जा. पुढे एखाद्या आजीचं बोलणं घेतलंत तर तिथे 140 पर्यंत सहज चालतं. एवढ्यानेच बराच घोंघाट बसतो.

मग उरलेल्या सततच्या घरघरीसाठी `Noise Reduction`. ज्यात आबाजी बोलत नाहीत, फक्त वारा आहे, असा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून `Get Noise Profile` दाबा. नंतर पूर्ण बोलणं निवडा आणि `Noise reduction (dB)` 6 ते 9 च्या दरम्यान ठेवा. लगेच लावू नका. आधी `Residue` निवडून ऐका, त्यात फक्त काढून टाकला जाणारा भाग ऐकू येतो. त्यात आबाजींचे शब्द कळायला लागले की तुम्ही वाऱ्याबरोबर त्यांनाही कापताय. आकडा कमी करा. पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज यायला लागला तर तीच खूण.

झोताच्या धक्क्यांवर हा उपाय चालत नाही. घेतलेला नमुना सतत सारख्या राहणाऱ्या आवाजाचा असतो आणि प्रत्येक झोत वेगळा असतो. दोन वाक्यांच्या मधे धक्का असेल तर तो तुकडा कापून टाका. शब्दावर असेल तर फक्त त्या शब्दापुरता फिल्टर 150 पर्यंत चढवा. एखादा शब्द थोडा पातळ झालेला चालतो, सगळं बोलणं पातळ झालेलं चालत नाही.

अशा कापाकापीनंतर बोलण्याच्या मधे पोकळ शांतता पडते आणि ती वाऱ्यापेक्षा जास्त खटकते. ती भरायला पहाटे, वारा पडलेला असताना, पाळीच्या आडोशाला बसून दोन-तीन मिनिटं नुसता परिसर रेकॉर्ड करा. तो आवाज सगळ्या शॉट्सखाली अखंड आणि हलका ठेवा, इतका की बोलणं चालू असताना तो जाणवू नये. तलावाच्या काठचा, पाण्याच्या चुबुकचुबुक लाटांचा आणि पाखरांचा आवाज वेगळा घ्या. उलगड्यात तो पाण्याची पहिली रेघ दिसण्याच्या साधारण एक सेकंद आधी सुरू होऊ द्या. पाळ अजून चित्र भरून आहे आणि पलीकडचं पाणी ऐकू येतंय, एवढी सूचना पुरते. आबाजींचं वाक्य त्याआधी संपवा, आणि पलीकडचा काठ दिसेपर्यंत कुणी बोलू नये.

आबाजींना पुन्हा बोलवाल तेव्हा पाळीवर नका बसवू. तिच्या खालच्या अंगाला, वाऱ्याकडे पाठ करून बसवा आणि कॉलरचा माइक केसाळ टोपी घालून छातीपाशी लावा. माइक नसेल तर मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, आबाजींच्या अंगाच्या आडोशाला धरा. आणि पाळीचा शॉट पुन्हा घ्यायचा झाला तर 50 फ्रेम, शटर 1/100, त्याला बसेल तो एनडी फिल्टर, आणि उजेड पलीकडच्या पाण्यावर बघून तिथेच लॉक केलेला असू द्या. सकाळी वारा कमी असतो, पण हिवाळ्यात त्याच वेळी पाण्यावर बदकांचे थवे बसलेले असतात. ते दिसले तर पाळ ओलांडू नका, थवा हलेपर्यंत थांबा. तुमचं गाव नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असेल तर उडवण्याआधी वनविभागाला विचारून घ्या.